सात फुटांवरची सुई

वळ गावातल्या त्या गोदामात जिकडे बघावं तिकडे लोखंड होतं. रॅक लोखंडाचे, शटर लोखंडाचं, ट्रॉल्या लोखंडाच्या. म्हणून मेघाली भोईरचं टेबल गोदामात नव्हतं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर, कंपाउंडच्या तारेपासून चांगलं लांब, चिंचेच्या सावलीत ते ठेवलेलं असायचं. टेबल लाकडी, त्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. त्यावर वीतभर रुंदीचं एक होकायंत्र. टेबलापासून जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा निघालेल्या, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम. पूर्वेच्या रेघेवर सात फुटांवर एक लाकडी पाट आणि पंधरा फुटांवर दुसरा.

गोदामात चुंबक यायचे. पंख्यांच्या, पंपांच्या, गाड्यांच्या मोटारीत बसणारे, साबणाच्या वडीएवढे आणि अर्धा किलो वजनाचे. बहुतेक माल ट्रकने जायचा, घाईचा विमानाने. विमानाने जाणारी प्रत्येक पेटी आधी मेघालीच्या टेबलासमोर यायची. पेटी सात फुटांवर ठेवायची, हळूहळू गोल फिरवायची आणि सुई जास्तीत जास्त किती हलते ते लिहायचं. दोन अंशांच्या आत असली तर पेटी साध्या मालासारखी जाते. जास्त हलली तर पंधरा फुटांवर न्यायची. तिथंही दोन अंशांच्या वर गेली तर ती पेटी विमानात चढत नाही, कारण वैमानिकाच्या समोरही एक होकायंत्र असतं आणि विमानाच्या पोटात असलेली पेटी त्याला खोटं बोलायला लावू शकते.

मेघाली दिघाशी गावची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, घरात पहिलीच. ही नोकरी तिला रामूकाकांमुळे मिळाली होती. रामू गोदामात हमाल होता, पन्नाशी ओलांडलेला, दिघाशीत तिच्या घरामागेच राहणारा. त्यानंच काळूशेठला सांगितलं होतं, "शेठ, गावची पोर हाय. शिकलेली हाय. खोटं लिवायची न्हाय."

काळूराम पाटील, म्हणजे काळूशेठ. जमीन त्याची, तिथं एकेकाळी भात पिकायचा. आता शेड त्याची, हमालांचा ठेका त्याचा आणि तपासणीचं कामही त्याच्याच ठेक्यात. चुंबकांची कंपनी नुसती भाडेकरू. रोजचा कारभार त्याचा धाकटा मुलगा प्रितेश बघायचा.

पेट्या आणून ठेवायचं काम रामूकडे होतं. एकदा पाटावर पेटी फिरवता फिरवता त्यानं विचारलं, "पोरी, ही सुई उत्तरेलाच का बघते गं? तिकडं हिमालयात चुंबकाचा डोंगर हाय काय?"

"डोंगर नाही काका. पृथ्वीच चुंबक आहे. खाली तीन हजार किलोमीटरवर लोखंडाचा रस आहे, वितळलेला. तो सारखा घुसळत असतो आणि त्याच्यातून वीज वाहते. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व येतं. तारेच्या गुंडाळीभोवती येतं ना, तसंच."

"आन तो रस सुईला वढतो?"

"ओढत नाही. वळवतो." तिनं एका वाटीत पाणी घेतलं, बुचाच्या चकतीवर चुंबक घासलेली शिवणाची सुई ठेवली आणि ती चकती पाण्यावर सोडली. चकती गर्रकन फिरली, उत्तर-दक्षिण झाली आणि जागच्या जागी उभी राहिली. "बघा, उत्तरेकडे निघाली का? वाटीच्या काठाला जाऊन लागली का?"

रामूनं वाकून पाहिलं. "न्हाय. नुसती वळली."

"कारण एका टोकाला जेवढी ओढ उत्तरेला, तेवढीच दुसऱ्या टोकाला दक्षिणेला. पृथ्वीचं क्षेत्र या वाटीभर सगळीकडे सारखंच आहे. क्षेत्र म्हणजे काय, तर प्रत्येक जागेला एक जोर असतो आणि एक दिशा असते. इथं, तिथं, तुमच्या बोटांमध्ये, रिकाम्या हवेत, सगळीकडे. पुस्तकात रेघा काढतात, पण रेघा म्हणजे दोऱ्या नव्हेत, त्या आपण समजायला काढलेल्या असतात. सुई जिथं असते तिथल्या दिशेला ती वळते. तिला उत्तर ठाऊक नसते."

"मंग पेटी ठेवली की?"

"पेटीचं क्षेत्र आणि पृथ्वीचं क्षेत्र, दोघांची बेरीज होते. सुई त्या बेरजेकडे बघते."

"आन ह्ये चुंबक लोखंडाला वढतात ते?"

"चुंबकाच्या जवळ जोर बोटाबोटाला बदलतो. या टोकाला जास्त, त्या टोकाला कमी. म्हणून नुसतं वळवून भागत नाही, ओढलंही जातं. आणि काका, हे साधे चुंबक नाहीत. यांच्यामध्ये हात घालू नका."

रामू हसला. "तीस वर्सं वझी उचलली, आता चुंबकाला भिऊ काय?"

ही गोष्ट फेब्रुवारीतली.

मे महिन्याच्या एका गुरुवारी सकाळी बारा पेट्या आल्या. संध्याकाळच्या विमानानं जायच्या होत्या. दक्षिणेकडचा एक कारखाना बंद पडला होता आणि त्याला हे चुंबक दुसऱ्या दिवशी हवे होते. रामूनं पहिली पेटी सात फुटांवर ठेवून फिरवायला सुरुवात केली. सुई सरकली, सरकत राहिली आणि तीस अंशांवर जाऊन थांबली.

मेघालीनं पेटी पंधरा फुटांवर न्यायला लावली. अंतर दुपटीहून थोडं जास्त झालं की असा जोर दहाव्या हिश्शावर येतो, हे तिला माहीत होतं. तरी सुई तीन अंश हललीच. दुसरी पेटी तशीच. बाराच्या बारा तशाच. तिनं वहीत लिहिलं, "विमानासाठी अयोग्य."

प्रितेश चिंचेखाली आला तेव्हा घामानं भिजलेला होता. वही वाचून त्यानं ती टेबलावर आपटली.

"तीन आणि दोन, एका अंशाचा फरक. एक अंश म्हणजे किती, दाखव मला बोटानं."

"दादा, नियम दोनचा आहे."

"पाच वाजता ट्रक निघणार. पप्पांनी शब्द दिलाय कंपनीला. काय केलं तर पास होईल ते सांग."

तिनं सांगितलं. ते सांगितल्याचा पश्चात्ताप तिला पुढे कितीतरी दिवस पुरला. ती म्हणाली की प्रत्येक पेटीत चुंबकांच्या चार चळती आहेत, चारही एकाच दिशेला तोंड करून भरल्यात, म्हणून चौघींचा जोर एकात मिळतो. दोन चळती उलट्या भरल्या तर एकीचं क्षेत्र दुसरीला मारतं आणि लांबवर जवळपास काही उरत नाही. "पण ते इथं होणार नाही. पॅकिंगवाल्यांकडे लाकडी साचे असतात, जाड फळ्या असतात, जाड हातमोजे असतात. तिकडे पाठवा, उद्या होईल. आत्ता चळती एकमेकींना ढकलतायत म्हणून खोक्यात शांत आहेत. एक उलटी केली की ती शेजारणीवर झेपावणार, शंभर किलोच्या वर जोर असतो."

प्रितेशनं फक्त पहिलं अर्धं ऐकलं. तो वळला आणि ओरडला, "रामू! पेटी फोड. दोन चळती उलट्या कर."

"दादा, नको," मेघाली म्हणाली. "काका, हात लावू नका."

रामू दोघांच्या मध्ये उभा राहिला. त्यानं आधी प्रितेशकडे पाहिलं, मग मेघालीकडे.

"तू नापास केलीस म्हणून हा उद्योग," प्रितेश तिला म्हणाला. मग रामूकडे बघून हसला. "तुझीच पोर आहे ना ही? तू आणलीस. मग निस्तर तूच. न्हायतर दोघंबी उद्यापासून घरी."

"करतो की," रामू म्हणाला. "लई अवघड न्हाय."

"काका!"

"गप गं. वझंच हाय."

गोदामाच्या दारात, सिमेंटच्या ओट्यावर पेटी फोडली. आत फोमचा साचा आणि त्यात प्लॅस्टिकच्या नळ्यांत उभ्या चार चळती. चंगदेव नावाचा दुसरा हमाल पेटी धरून बसला. मेघाली लाकडी फळी शोधायला आत पळाली, मध्ये घालायला. ती फळी घेऊन परतली तेव्हा रामूनं पहिली चळत बाहेर काढली होती. उजव्या हातात धरून त्यानं ती उलटी केली आणि पुन्हा साच्यात उतरवायला लागला.

आवाज फार मोठा नव्हता. चिमट्यासारखा, कडक. नंतर रामूचा आवाज आला तो मोठा होता.

उलटी झालेली चळत शेजारणीला जाऊन चिकटली होती आणि मध्ये रामूची तीन बोटं होती. एका चुंबकाचा टवका उडून चंगदेवच्या गालाला लागला. रामू गुडघ्यांवर बसला, त्याच्या हाताला दोन चळती लटकत होत्या. त्यांच्या फटीतून रक्त येत होतं.

"ओढा!" प्रितेश म्हणाला. चंगदेव एका बाजूनं ओढू लागला. चळती तसूभरही सुटल्या नाहीत, फक्त रामू अजून ओरडला. प्रितेश आत धावला आणि पहार घेऊन आला.

"लोखंड नको!" मेघाली किंचाळली. पण तोवर पहारीचं टोक जवळ आलं होतं. ती त्याच्या हातातून हिसकली जाऊन चळतीवर आदळली आणि तिथंच चिकटून बसली. आता रामूच्या हातावर पहारीचंही वजन होतं. त्याचे डोळे पांढरे झाले.

मेघालीनं फळीचं टोक ओट्यावर आपटून पाचरीसारखं फोडलं. "ओढू नका. ओढून सुटत नाही, सरकवून सुटतं. चंगदेवदादा, ही चळत घट्ट धरा. मी दुसरी बाजूला ढकलते. आडवी, घासत." तिनं पाचर फटीत घुसवली आणि पूर्ण अंगाचा भार टाकून चळत आडवी रेटली. एक इंच सरकली, दोन इंच सरकली. सरकताना ती रामूच्या बोटांवरूनच जात होती आणि ते टाळायचा काही मार्ग नव्हता. रामू आता ओरडत नव्हता. तो फक्त मेघालीच्या तोंडाकडे बघत होता, जणू ती हे मुद्दाम करते आहे.

मग चळती सुटल्या. बोटं तुटली नाहीत, म्हणजे हाताला राहिली, पण बोटं म्हणावीत अशी ती नव्हती.

रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. मेघाली मागे जायला निघाली, तर प्रितेशनं तिची ओढणी धरली. "तू कुठे? अकरा पेट्या आहेत."

तीन वाजता काळूशेठ आला. पांढरे कपडे, हातात दोन फोन. त्यानं ओट्यावरच्या रक्तावर पाणी मारायला सांगितलं. मग विचारलं, "काय झालं?"

"ही पेट्या नापास करत होती," प्रितेश म्हणाला. "त्यात रामू खेळत बसला चुंबकाशी, कोणी सांगितलं नव्हतं. आणि पप्पा, पेट्या खराब नाहीतच. मी बघितल्या. चला, दाखवतो."

चिंचेखाली प्रितेशनं एक न फोडलेली पेटी आणली. पण तो पूर्वेच्या पाटाकडे गेला नाही. टेबलाच्या उत्तरेला, चुन्याच्या उत्तर-दक्षिण रेघेवर, त्यानं सात फूट मोजून पेटी ठेवली. तिचं तोंड थोडं इकडे, थोडं तिकडे केलं आणि मागे सरकला. "बघा. सुई हललीय का?"

सुई उत्तरेलाच होती, अर्धा अंशही ढळली नव्हती.

मेघालीला डाव कळला. दुपारभर तो पेटी चारी बाजूंना फिरवून बघत असणार आणि एक जागा त्याला सापडली होती. का सापडली ते त्याला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

"म्हणजे चूक पोरीची," काळूशेठ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "उगाच नापास केल्या. उगाच पेटी फोडावी लागली. एका माणसाचा हात गेला."

"शेठ, ही तपासणी खोटी आहे. पेटी पूर्वेला ठेवून बघा."

"पेटीला आता कोणी हात लावायचा नाही," प्रितेश म्हणाला. "सील लावायचंय."

"मग नका लावू." तिनं चुन्याच्या रेघेकडे बोट दाखवलं. "पेटी उत्तरेला आहे आणि तिचं दक्षिण टोक सुईकडे आहे. ते सुईच्या उत्तर टोकाला ओढतं. कुठे ओढतं? उत्तरेकडेच. पृथ्वीही तिकडेच वळवते, पेटीही तिकडेच. म्हणून सुई हलत नाही. जोर नाही म्हणून नव्हे, जोर त्याच बाजूला आहे म्हणून."

"बोलण्यात हुशार आहे," प्रितेश म्हणाला.

"बोलत नाही, मोजून दाखवते. जोर जास्त असेल तर धक्का दिल्यावर सुई लवकर लवकर डोलेल. ताणलेला दोर सैल दोरापेक्षा लवकर थरथरतो, तसं."

काळूशेठनं मनगटावरचं घड्याळ वर केलं. "मोज."

तिनं होकायंत्राच्या डबीला हलकी टिचकी दिली. सुई डोलू लागली, या बाजूला, त्या बाजूला. मेघाली मोठ्यानं मोजत होती. दहा डोलणी पूर्ण झाली तेव्हा शेठ म्हणाला, "सोळा सेकंद."

"आता पेटी न्या लांब, पार शेडपर्यंत."

काळूशेठनं मान हलवली आणि चंगदेव गालाला रुमाल लावून पेटी उचलून गेला. पुन्हा टिचकी, पुन्हा दहा. "वीस," शेठ म्हणाला.

"आता तिथंच आणा, पण उलटी. मागची बाजू सुईकडे करून."

चंगदेवनं पेटी उलटी ठेवली. सुई तशीच उत्तरेला. पण टिचकी दिल्यावर ती सुस्त डोलायला लागली, दमलेल्या माणसासारखी. दहा डोलण्यांना एकतीस सेकंद लागले.

"आता पेटी पृथ्वीच्या विरुद्ध ढकलतेय," मेघाली म्हणाली. "पृथ्वीचा जोर जास्त म्हणून सुई अजून उत्तरेलाच आहे. तीनही वेळा सुईनं एकच दिशा दाखवली आणि तीनही वेळा जोर वेगळा होता."

प्रितेश काही बोलणार होता. काळूशेठनं हात वर करून त्याला थांबवलं. स्वतः पुढे झाला, पेटी उचलली, साठीचा माणूस असून सहज उचलली, आणि पूर्वेच्या पाटावर ठेवली. हळूहळू फिरवली. सुई सरकत तीस अंशांवर गेली. त्यानं वाकून आकडा वाचला.

मेघालीला त्या क्षणी वाटलं की झालं, या माणसाला समजलं.

समजलं होतंच. तो सरळ झाला आणि प्रितेशला म्हणाला, "उत्तरेला ठेव. फोटो काढ. सुईचा आणि पेटीचा एकत्र, बारा पेट्यांचे बारा फोटो. फुटलेली पेटी चिकटपट्टी लावून बांध, तिचाही काढ."

"शेठ..."

"तुझं काम झालं पोरी. चांगलं शिकवलंस." तो खरंच कौतुकानं बोलत होता. "वहीतलं आजचं पान फाड आणि दे. आणि दवाखान्यात जाऊन रामूला सांग, त्यानं लिहून द्यावं की आमचा हुकूम नसताना तू त्याला नियमाबाहेर पेटी फोडायला लावलंस. तसं लिहून दिलं तर मी त्याला कायमचा गेटवर बसवतो. वॉचमनला दहा बोटं लागत नाहीत."

"मी कशाला सांगू?"

"कारण तू सांगितलंस तर त्याला लवकर पटेल. त्याचा तुझ्यावर जीव आहे."

तिनं पान फाडलं नाही. प्रितेशनं फाडलं. ट्रक पाचला दहा मिनिटं कमी असताना निघाला.

दवाखान्यात रामूचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. तीनही बोटं काढावी लागली होती. शेजारी त्याची बायको ठकुबाई स्टुलावर बसली होती. शेठचा माणूस मेघालीच्या आधीच येऊन गेला होता. कागदावर रामूच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता, निळा, पसरलेला.

"काका, तुम्ही काय लिहून दिलंत?"

"वाचाय येत न्हाय मला," रामू म्हणाला. "पण सांगितलं त्यानं. तुझं नाव हाय त्यात."

"मी तुम्हाला नको म्हणाले होते."

"म्हणालीस." तो छताकडे बघत होता. "पण मला गेट मिळंल. तू शिकलेली हायस, तुला कुटंबी मिळंल."

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. बारा पेट्या विमानाच्या पोटात जाणार होत्या. पेट्या एकीवर एक रचल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आली, तर बाराही पेट्यांचा जोर एकात मिळणार होता. तो पुढे पंधरा फुटांपेक्षा किती लांब पोचेल याचं गणित तिनं मनात केलं आणि मधेच सोडलं. मग फोन काढून तिनं विमानतळाच्या माल विभागाचा नंबर शोधला. तीन वेळा फोन दुसरीकडे जोडला गेला. चौथ्या वेळी एका बाईनं नीट ऐकलं, पेट्यांचे नंबर लिहून घेतले आणि विचारलं, "तुमचं नाव?"

मेघालीनं नाव सांगितलं.

पेट्या अडवल्या गेल्या. तिथं यंत्रानं मोजल्यावर बाराही नापास झाल्या आणि फोटो चुकीच्या जागी पेटी ठेवून काढल्याचं उघड झालं. आठवड्याभरात चुंबकांच्या कंपनीनं वळचं गोदाम सोडलं आणि माल कशेळीच्या एका शेडमध्ये हलवला. काळूशेठचा ठेका गेला. त्याला फार फरक पडला नाही, दोन महिन्यांत तिथं चपलांचा माल आला आणि नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला. सव्वीस हमाल घरी बसले, त्यात चंगदेवही होता. आणि रामूला कबूल केलेलं गेट चपलावाल्यांनी एका एजन्सीला दिलं.

दिघाशीत ही बातमी मेघालीच्या आधी पोचली होती. पाणी भरताना बायका तिला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. तिची आई म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं. पण रामूचं घर आपल्या घरामागंच आहे." चंगदेव एकदा रस्त्यात भेटला. गालावर खूण राहिली होती. तो म्हणाला, "तेव्हा तू मला धरा म्हणालीस, धरलं. फोन करताना नाही विचारलंस." आणि निघून गेला.

जुलै संपत आला तेव्हा ती रामूच्या घरी गेली. आधी दोनदा दारापर्यंत जाऊन परतली होती. तिसऱ्यांदा पिशवीत पेरू आणि मोसंबी घेऊन आत शिरली. रामू ओटीवर बसला होता. डाव्या हातानं विडी पेटवायची खटपट चालली होती. काडी सारखी विझत होती. तिनं पुढे होऊन पेटवायला हात केला, तर त्यानं विडी बाजूला ठेवून दिली.

"काका, विमानात माणसं असतात. ढगात असताना त्यांचं काही बिनसलं असतं तर?"

"असतं." त्यानं मान हलवली. "तुझं खरं हाय. मी कुटं खोटं म्हनलं?"

"मग?"

"बोटं चुंबकानं नेली," रामू म्हणाला. तो अजिबात चिडलेला नव्हता. हिशेबातली चूक दाखवावी तसं तो बोलत होता. "त्याला कळत न्हाय, त्याला काय बोलायचं. गेट तू नेलंस. तुला कळत हुतं."

मेघालीला खूप काही सांगायचं होतं, प्रितेशबद्दल, शेठबद्दल, त्या बारा फोटोंबद्दल. रामूला ते सगळं माहीत होतं. त्यानं ते सगळं धरूनच हे म्हटलं होतं.

"मी कशेळीला बघते काका. तिथल्या गोदामात मला बोलावलंय तपासणीला. तुमच्यासाठी विचारते."

"नको," आतून ठकुबाई म्हणाली. ती दारात आली, हात पिठाचे होते. "तू आणखी कुठं काय विचारू नको. एकदा ह्यांनी तुझ्यासाठी विचारलं, त्याचं झालं तेवढं बास."

"काकी, मी..."

"जा आता. ह्यांना भरवायचं हाय मला. डाव्या हातानं सांडतंय सगळं."

मेघाली उठली. तिनं पिशवी उचलली, तशी ठकुबाई म्हणाली, "फळं ठेव."

तिनं पिशवी उंबऱ्यावर ठेवली. ठकुबाईनं ती पायानं आत ओढली आणि दार लावून घेतलं.